५० शेअर उरले आणि अ‍ॅव्हरेज ३०४ ची ५४० झाली, अ‍ॅप चुकलं का?

पत्र: दादा, मी शाळेत शिक्षिका आहे, पगार वर्षाला ९ लाखांच्या आसपास. एकाच कंपनीचे शेअर मी तीनदा घेतले. १२ मार्च २०२१ ला १०० शेअर ४२० ने, ९ सप्टेंबर २०२२ ला ६० शेअर ६१० ने, मग जुलै २०२३ ला एकास एक बोनस आला म्हणजे १६० आणखी, आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला ८० शेअर ५४० ने. असे ४०० झाले. मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी २० ऑगस्ट २०२५ ला १३० विकले ७०० ने आणि १२ जानेवारी २०२६ ला २२० विकले ६५० ने. विकायच्या आधी अ‍ॅपवर अ‍ॅव्हरेज ३०४.५० दिसत होती, तीच धरून मी नफा काढला १,२७,४२५. आता उरलेल्या ५० ची अ‍ॅव्हरेज अ‍ॅप ५४० दाखवतंय. शिवाय बँकेच्या जुन्या डीमॅटमध्ये याच कंपनीचे २०१९ चे ४० आणि त्यावरचे बोनसचे ४० पडून आहेत, सगळ्यात जुने तर तेच, मग आधी ते विकले असं धरायचं का? आणि १२ लाखांपर्यंत टॅक्सच नाही म्हणतात, मग हे सगळं दाखवायलाच पाहिजे का?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

ताई, अ‍ॅप चुकलेलं नाही. उलट त्या ५४० मध्येच तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर आहे. उरलेल्या ५० ची किंमत ५४० दिसते याचा अर्थ अ‍ॅपच्या लेखी आता तुमच्याकडे फक्त फेब्रुवारी २०२५ मधले शेअर शिल्लक आहेत, बाकी सगळे गेले. जे आधी आले ते आधी गेले, यालाच फिफो म्हणतात, आणि डीमॅटमधल्या शेअरसाठी हीच पद्धत कायद्यात लिहून ठेवलेली आहे, १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्याच्या कलम ४५(२ए) मध्ये. तुमच्या दोन्ही विक्री ३१ मार्च २०२६ च्या आधीच्या आहेत त्यामुळे हिशोब त्याच कायद्याने होणार. अ‍ॅव्हरेज हा आकडा आपण फायद्यात आहोत की तोट्यात एवढं एका नजरेत कळावं म्हणून असतो, रिटर्नमध्ये तो चालत नाही.

सकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यावर रांग लागते ना, तसं समजा. तुमचे शेअर त्यांच्या येण्याच्या तारखेनुसार रांगेत उभे आहेत, विक्री झाली की पुढून माणसं कमी होतात, आणि कोणाला किती भूक लागलीय हे कोणी विचारत नाही. म्हणजे "मी तर मनात ५४० वालेच विकले होते, ते महाग पडलेत म्हणून" असं म्हणता येत नाही, कारण डीमॅटमध्ये कोणत्याही शेअरवर नंबर नसतो, सगळे एकसारखे, म्हणून तर कायद्याला रांग लावावी लागली.

आता एक वही घ्या, खरंच कागदावर करा, मोबाइलवर नको, आणि तुमची रांग अशी उतरवून काढा:

१२ मार्च २०२१, १०० शेअर, भाव ४२०
९ सप्टेंबर २०२२, ६० शेअर, भाव ६१०
जुलै २०२३ (बोनस), १६० शेअर, भाव शून्य
१४ फेब्रुवारी २०२५, ८० शेअर, भाव ५४०

तिसऱ्या ओळीवर जरा थांबू या, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या निदान पाच-सहा वह्यांमध्ये चूक इथेच असते. लोक काय करतात, एकास एक बोनस आला म्हणजे १०० चे २०० झाले, म्हणून ४२० चे २१० करून टाकतात, आणि ६१० चे ३०५, आणि पुढे त्याच भावाने हिशोब करत बसतात. हे स्प्लिटला बरोबर आहे, बोनसला नाही. स्प्लिटमध्ये जुना शेअरच फोडून दोन केलेले असतात, त्यामुळे किंमतही वाटली जाते आणि खरेदीची तारीखही जुनीच राहते. बोनस हा मात्र वेगळा, नवीन शेअर आहे. तुम्ही त्याला एक पैसा दिला नाही म्हणून त्याची किंमत शून्य धरायची, आणि त्याची तारीख म्हणजे तो अलॉट झाला ती तारीख. रांगेतसुद्धा तो २०२३ मध्ये आला, म्हणून २०२२ वाल्यांच्या मागे आणि २०२५ वाल्यांच्या पुढे उभा राहणार. मोठा भाऊ रांगेत पुढे उभा आहे म्हणून धाकट्याला मध्ये घुसवता येत नाही तसंच हे. बोनस नेमका कोणत्या दिवशी जमा झाला ते डीमॅटच्या ट्रान्झॅक्शन स्टेटमेंटमध्ये मिळेल, ती तारीख वहीत लिहून ठेवा.

बरं, आता पहिली विक्री. २० ऑगस्टला १३० गेले. रांगेत सगळ्यात पुढे १०० उभे आहेत, ते पूर्ण गेले, अजून ३० हवेत, ते दुसऱ्या ओळीतल्या ६० मधून गेले. पहिल्या १०० वर शेअरमागे ७०० वजा ४२० म्हणजे २८० सुटले, ते २८,०००. पुढच्या ३० वर ७०० वजा ६१० म्हणजे ९० सुटले, ते २,७००. दोन्ही मिळून ३०,७००. दोन्ही लॉट, म्हणजे एका वेळी आलेले शेअरचे गठ्ठे, १२ महिन्यांपेक्षा जास्त जुने आहेत म्हणून हा सगळा लाँग टर्म. वहीत दुसऱ्या ओळीपुढे आता "शिल्लक ३०" असं लिहा. हे लिहायला लोक विसरतात आणि मग दुसऱ्या विक्रीला परत पूर्ण ६० वापरतात, एकच शेअर दोनदा विकला जातो.

दुसरी विक्री, १२ जानेवारी, २२०. आधी ते उरलेले ३०, त्यांच्यावर ६५० वजा ६१० म्हणजे ४० प्रमाणे १,२००. मग बोनसचे पूर्ण १६०, किंमत शून्य म्हणून अख्खे ६५० नफ्यात, ते १,०४,०००. झाले १९०, अजून ३० हवेत, ते फेब्रुवारी २०२५ च्या ८० मधून, शेअरमागे ११०, म्हणजे ३,३००. आणि हे शेवटचे ३० जे आहेत ते १४ फेब्रुवारीला घेतले आणि १२ जानेवारीला विकले, वर्ष व्हायला महिनाभर कमी पडला, म्हणून हा ३,३०० शॉर्ट टर्म. एकाच दिवशी, एकाच भावाने, एकाच ऑर्डरमध्ये विकलेले २२० शेअर, पण त्यातले १९० लाँग टर्म आणि ३० शॉर्ट टर्म. तुकड्यातुकड्याने घेतलेल्या शेअरचं हे असंच असतं, त्यामुळे "जानेवारीची विक्री लाँग टर्म की शॉर्ट टर्म" हा प्रश्नच विक्रीला लागू होत नाही, तो प्रत्येक लॉटला वेगळा विचारायचा.

म्हणजे लाँग टर्म झाला ३०,७०० अधिक १,२०० अधिक १,०४,०००, एकूण १,३५,९००. शॉर्ट टर्म ३,३००. सगळा मिळून १,३९,२००, आणि तुमचा आकडा होता १,२७,४२५. मधला फरक ११,७७५ चा. हा फरक कुठून आला तेही सांगतो कारण ते समजलं की परत कधी गोंधळ होणार नाही. अ‍ॅव्हरेजने गेलं तर उरलेले ५० शेअर तुमच्या वहीत ३०४.५० ला राहतात, म्हणजे १५,२२५. फिफोने ते ५४० ला राहतात, म्हणजे २७,०००. यांच्यातला फरक बरोबर ११,७७५. म्हणजे जास्तीचा नफा कुठून आकाशातून पडलेला नाही, यंदा तुम्ही थोडा जास्त दाखवताय आणि ते शेवटचे ५० विकाल तेव्हा तेवढाच कमी दाखवाल. कर चुकत नाही आणि दोनदाही लागत नाही, फक्त कोणत्या वर्षी लागायचा ते रांगेने ठरतं.

हिशोब बरोबर आला की नाही हे तपासायची एक पद्धत मी सगळ्यांनाच सांगतो. तुम्ही एकूण खिशातून किती घातले? ४२,००० अधिक ३६,६०० अधिक ४३,२००, म्हणजे १,२१,८००. आता विकलेल्या शेअरांची जी किंमत तुम्ही वापरली ती एकत्र करा, ४२,००० मग १८,३०० मग परत १८,३०० मग बोनसचे शून्य मग ३० गुणिले ५४० म्हणजे १६,२००, झाले ९४,८००. त्यात उरलेल्या ५० चे २७,००० मिळवा. १,२१,८०० येतात की नाही? आले म्हणजे कोणताही लॉट सुटला नाही आणि कोणताही दोनदा वापरला गेला नाही. एक रुपयाचा जरी फरक आला तरी पुढे जाऊ नका, मागे जाऊन "शिल्लक" ची ओळ बघा, चूक बहुतेक तिथेच असते. आणि शेअरची संख्यासुद्धा डीमॅटच्या होल्डिंग स्टेटमेंटशी जुळली पाहिजे, तुमचे ५० जुळतायत, छान.

आता जुन्या डीमॅटचं. नाही, ते ८० शेअर या हिशोबात आणायचे नाहीत, २०१९ चे असले तरी. प्रत्येक डीमॅट अकाउंटची रांग वेगळी असते. हे माझं मत नाही, इन्कम टॅक्स खात्याच्या सीबीडीटी या वरच्या मंडळाने २४ जून १९९८ च्या सर्क्युलर नंबर ७६८ मध्ये स्पष्ट लिहिलंय की एकापेक्षा जास्त अकाउंट असतील तर फिफो अकाउंटप्रमाणे लावायचा. विक्री ज्या अकाउंटमधून झाली त्याच अकाउंटची रांग पुढे सरकते. तुमच्या दोन्ही विक्री अ‍ॅपवाल्या अकाउंटमधून झाल्या, बँकेतल्या रांगेत कोणी हललंच नाही.

यातून एक गोष्ट निघते जी पुढच्या वेळी तुमच्या कामाची आहे. एकाच अकाउंटमध्ये कोणता लॉट विकायचा हे तुमच्या हातात नाही, पण कोणत्या अकाउंटमधून विकायचं हे तुमच्या हातात आहे. म्हणजे पुढे पैसे लागले तर अ‍ॅपमधून विकले तर फेब्रुवारी २०२५ चे महागडे ५० जातील, नफा कमी, आणि बँकेतून विकले तर आधी २०१९ चे ४० जातील आणि मग शून्य किमतीचा बोनस, नफा जास्त. दोन्हीकडे आता लाँग टर्मच आहे. तेव्हाची गरज आणि लाँग टर्म नफ्यावरची त्या वर्षाची सूट किती उरलीय ते बघून ठरवा.

आणि म्हणूनच, ताई, एक विनंती. सगळे शेअर एका जागी असावेत म्हणून ते ८० बँकेतून अ‍ॅपमध्ये लगेच शिफ्ट करून टाकू नका. करायला हरकत नाही, स्वतःच्याच एका अकाउंटमधून दुसऱ्यात नेले तर ती विक्री होत नाही, टॅक्सही लागत नाही. पण त्याच सर्क्युलरचा धागा धरला तर रांगेतली जागा अकाउंटमध्ये आल्याच्या तारखेने ठरते, म्हणजे २०१९ चे असूनही ते अ‍ॅपमध्ये त्या ५० च्या मागे जाऊन उभे राहतील. त्यांची मूळ किंमत आणि किती दिवस तुमच्याकडे आहेत हा काळ मात्र जुनाच राहतो, तो बदलत नाही. रांगेतली जागा एका तारखेने आणि वय दुसऱ्या तारखेने, या दोन तारखा एकच समजल्या की घोळ होतो.

आमच्या घरीच हे झालंय. बाबांचे शेअर आम्ही जुन्या डीमॅटमधून एका ब्रोकरकडच्या नव्या अकाउंटमध्ये आणले, पुढे तीन महिन्यांनी त्यातले काही विकले, आणि वर्ष संपल्यावर त्या ब्रोकरने जे टॅक्सचं स्टेटमेंट पाठवलं त्यात ट्रान्सफरची तारीख हीच खरेदीची तारीख आणि त्या दिवशीचा बाजारभाव हीच खरेदीची किंमत. सहा वर्षं जुने शेअर शॉर्ट टर्ममध्ये बसलेले. आणि आई म्हणत होती, कागदावर छापून आलंय म्हणजे तेच बरोबर असेल. जुनी काँट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरने दिलेली खरेदीची पावती, बाबांनी एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवलेली होती, विजेच्या बिलांच्या मागे, ती सापडली म्हणून निभावलं. म्हणून शिफ्ट करायचेच असतील तर आधी बँकेच्या डीमॅटचं २०१९ पासूनचं ट्रान्झॅक्शन स्टेटमेंट आणि खरेदीची काँट्रॅक्ट नोट डाउनलोड करून ठेवा, एकदा अकाउंट बंद झालं की ती मिळवायला फार फिरावं लागतं. बऱ्याच अ‍ॅपमध्ये ट्रान्सफर होऊन आलेल्या शेअरची मूळ तारीख आणि भाव स्वतः टाकायची सोय असते, ती वापरा.

(तुमचे बँकेतले शेअर २०१९ चे आहेत म्हणून बरं, ३१ जानेवारी २०१८ च्या आधीचे असते तर त्या दिवशीचा सगळ्यात वरचा भावही हिशोबात घ्यावा लागला असता, ते वेगळं प्रकरण आहे, इथे नको.)

आता टॅक्स. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला लिस्टेड शेअरच्या लाँग टर्म नफ्यावर साडेबारा टक्के आहे, आणि वर्षाला पहिल्या सव्वा लाखाला सूट. शॉर्ट टर्मवर सरळ २० टक्के, त्याला ही सूट नाही. तुमचा लाँग टर्म १,३५,९००, त्यातून १,२५,००० गेले, उरले १०,९००, त्यावर १,३६२.५०. शॉर्ट टर्म ३,३०० वर ६६०. दोन्ही मिळून २,०२२.५०, त्यावर ४ टक्के सेस, झाले साधारण २,१०३ रुपये.

आणि ती १२ लाखांची गोष्ट. तुमच्यासारखे पगारदार इथेच फसतात. नव्या रेजिममध्ये १२ लाखांपर्यंत जो टॅक्स शून्य होतो तो रिबेटमुळे होतो, आणि तो रिबेट पगारासारख्या साध्या उत्पन्नावरच्या टॅक्सला आहे. शेअरच्या नफ्यावर जो स्पेशल रेटने टॅक्स लागतो, साडेबारा टक्केवाला आणि २० टक्केवाला, त्याला तो रिबेट मिळत नाही. म्हणजे तुमच्या ९ लाखांच्या पगारावर टॅक्स शून्य झाला तरी हे २,१०३ भरावेच लागतील. आणि दाखवायला पाहिजे का म्हणाल तर हो, पाहिजेच, सूटवाला सव्वा लाख धरून पूर्ण नफा दाखवायचा, सूट रिटर्नमध्ये आपोआप कापली जाते.

मी वर सगळे आकडे सोपे जावेत म्हणून खर्च बाजूला ठेवला होता. तो आता घालून घ्या. काँट्रॅक्ट नोट उघडली की खाली ब्रोकरेज, त्यावरचा जीएसटी, एक्स्चेंजचे चार्जेस, सेबीची फी, खरेदी असेल तर स्टँप ड्युटी, आणि एसटीटी म्हणजे शेअरच्या व्यवहारावरचा कर, असं सगळं दिसतं. खरेदीच्या वेळचे हे खर्च खरेदीच्या किमतीत मिळवायचे आणि विक्रीच्या वेळचे विक्रीतून वजा करायचे, फक्त एसटीटी सोडून. एसटीटी कायद्याने वजा करता येत नाही. तो किती असतो ते तुमच्याच विक्रीवर बघा, डिलिव्हरीला ०.१ टक्के, म्हणजे ऑगस्टच्या ९१,००० वर ९१ रुपये आणि जानेवारीच्या १,४३,००० वर १४३. हे २३४ नफ्यातून वजा करायचे नाहीत. बाकी खर्च लॉटप्रमाणे वाटायचा, १३० शेअरच्या विक्रीला १३० रुपये खर्च आला असेल तर १०० वाल्या लॉटला १०० आणि ३० वाल्याला ३०, एवढं साधं. यामुळे तुमचा नफा थोडा कमीच होईल, टॅक्सही थोडा उतरेल.

रिटर्न आयटीआर-२ मध्ये भरा. आयटीआर-१ मध्ये आता थोडा लाँग टर्म नफा दाखवता येतो, पण तो सव्वा लाखाच्या आतला आणि शॉर्ट टर्म अजिबात नसेल तरच, तुमच्याकडे दोन्ही अटी मोडतात. लाँग टर्म शेड्यूल ११२ए मध्ये जाईल, सगळे शेअर ३१ जानेवारी २०१८ नंतर घेतलेले आहेत त्यामुळे एकत्र बेरीज टाकता येते, एकेक ओळ भरायची गरज नाही. पण वही जपून ठेवा, विचारलं तर तीच दाखवायची आहे.

इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर एआयएस, म्हणजे तुमच्या व्यवहारांची खात्याकडे असलेली यादी, उघडाल तेव्हा घाबरू नका, तिथले आकडे तुमच्या वहीशी रुपयाला रुपया जुळणार नाहीत. एआयएसमधली माहिती डिपॉझिटरीकडून, म्हणजे डीमॅटमधले शेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडून येते, आणि डिपॉझिटरीला शेअर किती आणि कधी गेले ते माहीत असतं, तुम्ही नेमके कोणत्या भावाने विकले ते नसतं, म्हणून विक्रीची रक्कम बऱ्याचदा त्या दिवशीच्या बंद भावाने लावलेली असते आणि खरेदीची किंमतही अंदाजाने. शेअरची संख्या आणि तारखा तेवढ्या जुळवून बघा, १३० आणि २२०. रकमेत थोडा फरक असेल तर काँट्रॅक्ट नोटचा आकडा धरा. फरक फार मोठा असेल तर एआयएसमध्येच फीडबॅक देऊन ठेवा.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलं नाही पण मनात असेलच, टॅक्स वाचला असता का. बघू या. जानेवारीत २२० च्या ऐवजी १७३ विकले असते, तर रांगेतून ३० जुने आणि १४३ बोनसचे गेले असते, नफा १,२०० अधिक ९२,९५० म्हणजे ९४,१५०, त्यात ऑगस्टचे ३०,७०० मिळवले की १,२४,८५०. सव्वा लाखाच्या आत, आणि शॉर्ट टर्म काहीच नाही. उरलेले ४७ एप्रिलमध्ये विकले असते तर नवीन वर्षाची नवीन सूट मिळाली असती, आणि तोपर्यंत फेब्रुवारी २०२५ वाले ३० सुद्धा वर्षाचे होऊन लाँग टर्ममध्ये गेले असते. टॅक्स शून्य. पण वाचले असते ते २,१०३ रुपये, आणि त्या ४७ शेअरचा भाव एप्रिलपर्यंत ४५ रुपयांनी जरी पडला असता तरी तेवढे तिथेच गेले असते. शिवाय फी जानेवारीत भरायची होती, एप्रिलमध्ये नाही. म्हणून तुम्ही विकले ते योग्यच केलं, मी तुमच्या जागी असतो तर मीही विकले असते. फक्त इथून पुढे विकायच्या आधी वहीतली रांग एकदा बघा, सगळ्यात पुढे बोनस उभा असेल तर समजा की विकलेला प्रत्येक रुपया नफा म्हणून मोजला जाणार आहे, आणि रांगेतला एखादा लॉट वर्ष पूर्ण व्हायला आठ-पंधरा दिवस बाकी असेल आणि घाई नसेल तर थांबा. तुमच्या बाबतीत तो दिवस १६ फेब्रुवारी २०२६ होता, सोमवार, कारण १४ ला शनिवार आला.

ते उरलेले ५० आता वहीच्या नवीन पानावर लिहून घ्या, १४ फेब्रुवारी २०२५, भाव ५४०, आणि खाली वेगळ्या चौकटीत बँकेचे ८०, त्यातले ४० २०१९ च्या भावाने आणि ४० शून्याने. बँकेतल्या ४० चा भाव तुम्ही पत्रात लिहिलेला नाही. काँट्रॅक्ट नोट मिळाली नाही तर त्या तारखेचं बँकेच्या पासबुकातलं डेबिट आणि डीमॅटमधली क्रेडिटची एंट्री एकत्र करून बघा, त्या दोन आकड्यांवरून भाव काढता येतो.